उपाशीपोटी या, म्हणजे नक्की कसं? रक्त तपासणीआधीची चिठ्ठी नव्याने लिहिताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या गावात एका पॅथॉलॉजी लॅबच्या कलेक्शन सेंटरवर काम करते. सकाळी साडेसहापासून लोक रक्त द्यायला येतात आणि पहिल्या तासातच दोन-तीन जणांना परत पाठवावं लागायचं, कारण कुणी चहा घेऊन आलेलं असायचं, कुणी खिचडी खाऊन. मग आम्ही सूचनेची चिठ्ठी मुळापासून नव्याने लिहिली. आता आसपासचे दवाखाने आणि आरोग्य शिबिरं भरवणारी मंडळं तिचा मजकूर मागतात आणि सोबत प्रश्नही विचारतात. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

जुन्या सूचनेत चूक काय होती? ती तर सगळीकडे तशीच असते.

तशीच असते, हे खरं. आमच्या चिठ्ठीवर दोन ओळी होत्या: "सकाळी उपवास करून यावे. रात्री १२ नंतर पाणी सोडून काहीही घेऊ नये." वाचायला स्वच्छ वाटतं. पण समोर बसून लोकांना विचारलं, की बाबा तुम्ही यातून काय समजलात, तेव्हा या दोन ओळींत पाच खड्डे सापडले.

पहिला खड्डा "उपवास". आपल्याकडे उपवासाला साबुदाण्याची खिचडी चालते, भगर चालते, केळं, रताळं, शेंगदाण्याचा लाडू, दूध आणि चहा तर चालतोच. एका आजींनी मला सरळ विचारलं होतं, "अगं, उपवासाचंच खाल्लंय मी, धान्य कुठं खाल्लं?" त्यांच्या दृष्टीने त्यांनी सूचना तंतोतंत पाळली होती. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्याची वाटीभर खिचडी खाऊन कुणी साखर तपासायला बसलं, तर तो आकडा उपाशीपोटीचा उरत नाही.

दुसरा "१२ नंतर". शिबिराच्या फलकावर "रात्री" हा शब्द जागेअभावी गळाला, आणि एक गृहस्थ आदल्या दुपारपासून उपाशी आले.

तिसरा "पाणी सोडून". लिहिणाऱ्याच्या मनात "पाण्याखेरीज" असं असतं. वाचणाऱ्याला मात्र "पाणी सोडायचं" असंही वाटतं, म्हणजे निर्जळी. एकादशी निर्जळी करणारी माणसं असतात आपल्यात, त्यांना त्यात काही विचित्र वाटत नाही.

चौथा "घेऊ नये". चहा घेतात, पाणी घेतात, गोळीही घेतात. त्यामुळे काही जण रक्तदाबाची गोळी न घेता यायचे. आणि एका काकांनी बायकोसमोर खुलासा केला, "मी तर घेतच नाही, माळकरी आहे." त्यांना वाटलं सूचना दारूबद्दल आहे.

पाचवा खड्डा असा, की रक्त देण्याची वेळ किती वाजताची आहे याचा चिठ्ठीशी काही संबंधच नव्हता. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण खरी गोम तिथेच आहे.

मग "उपवास"च्या जागी कोणता शब्द वापरायचा?

आम्ही "उपाशीपोटी" ठेवला. "अनशापोटी" हा शब्द अचूक आहे, आयुर्वेदिक औषध घेणाऱ्यांना तो लगेच कळतो, पण तरुण मुलांना अडखळायला होतं. "रिकाम्या पोटी" धोक्याचा आहे. चहा-बिस्किटानंतर दोन तासांनी पोट रिकामं वाटतंच की.

पण मुद्दा शब्दाचा नाहीच फारसा. एका शब्दावर सगळा भार टाकला, की प्रत्येक जण त्याचा आपापला अर्थ लावतो. म्हणून "उपाशीपोटी" हा शब्द फक्त मथळ्यात आहे. त्याखाली "अमुक वाजल्यानंतर काहीही खाऊ नका" असं पूर्ण वाक्य आहे, आणि "उपवासाचे पदार्थसुद्धा चालत नाहीत" असं वेगळं लिहिलं आहे. हे शेवटचं वाक्य परराज्यातल्या चिठ्ठीत लागेलच असं नाही. महाराष्ट्रात ते हवंच.

किती तास उपाशी राहायला सांगायचं? कुणी ८ म्हणतं, कुणी १२.

दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. उपाशीपोटीची साखर मोजायला कमीत कमी ८ तास पोटात काही जायला नको, असा निकष आहे. त्यावरच १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर आणि १२६ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेहाची शक्यता, हे आकडे बेतलेले आहेत (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर). लिपिड प्रोफाइलसाठी, म्हणजे कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड्ससाठी, परंपरेने ९ ते १२ तास सांगतात. बहुतेकांच्या कागदावर या दोन्ही तपासण्या एकत्रच असतात.

आम्ही चिठ्ठीसाठी एकच आकडा धरला: १० तास. साखरेचे ८ त्यात बसतात, लिपिडचे ९ ही बसतात, आणि माणसाला रात्री नीट जेवता येतं. लॅबच्या डॉक्टरांनी त्यावर सही केली. तुमच्याकडे डॉक्टर १२ म्हणत असतील तर १२ धरा, पण एकच धरा. "८ ते १२ तास" असं लिहू नका. आमच्याकडे एकाने ते घड्याळ म्हणून वाचलं होतं: सकाळी आठ ते दुपारी बारा उपाशी. आठच्या आधी पोहे खाऊन तो निवांत बारा वाजता हजर.

"किमान" हा शब्दही आम्ही काढला. किमान म्हणजे कमी की कमाल म्हणजे कमी, यात भल्याभल्यांचा गोंधळ होतो. "कमीत कमी" लिहिलं की वाद मिटतो.

जास्त वेळ उपाशी राहिलं तर अधिक चांगलं ना?

नाही. १४-१६ तास पोटात काही गेलं नाही, तर शरीर साठवलेली चरबी मोडून रक्तात सोडायला लागतं आणि काही जणांमध्ये बिलिरुबिन हा रक्तातला पिवळा घटकही वाढलेला दिसतो. ज्यांना गिल्बर्ट नावाची निरुपद्रवी जन्मजात ठेवण आहे, त्यांच्यात हे ठळक होतं आणि मग विनाकारण काविळीची शंका येते. मधुमेहाच्या रुग्णाची साखर खाली जाण्याचा धोका वेगळाच. "संध्याकाळी सातलाच जेवून घेतलं, म्हटलं रिपोर्ट चांगला येईल" असं म्हणत सकाळी अकराला येणारे असतात. त्यांच्यासाठीही घड्याळाची वेळच उपयोगी पडते.

तासांऐवजी घड्याळाची वेळ का लिहायची?

कारण तास मोजायचे म्हणजे वजाबाकी करायची, तीही मध्यरात्र ओलांडून, तीही उलटी. हे काम आपण रुग्णावर का टाकतो, हे मला कधी कळलं नाही. ते काउंटरवरच्या माणसाचं काम आहे.

"रात्री १२ नंतर" या नियमाचंच बघा. कुणी पावणेबाराला जेवलं आणि सकाळी सातला रक्त दिलं, तर सव्वासात तास झाले. सूचना पाळूनही तपासणी बाद. दुसरं कुणी तसंच जेवून सकाळी अकराला आलं, तर सव्वाअकरा तास. एकाच वाक्याने दोघांना वेगळी वागणूक मिळते.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत करून दाखवते. एक काका मंगळवारी सकाळी चौकशीला आले. साखर आणि लिपिड, दोन्ही लिहिलेलं होतं. त्यांना बुधवारी सकाळी सातची वेळ हवी होती. आधी मी दहा तास मागे गेले: मंगळवारी रात्री नऊ. मग विचारलं, "काका, रात्री जेवता किती वाजता?" ते म्हणाले, "दुकान बंद करून घरी पोचायलाच सव्वानऊ होतात." म्हणजे सात वाजताची वेळ दिली असती तर चिठ्ठी कितीही छान लिहिली तरी ती पाळली जाणार नव्हती. मग उलट हिशोब केला. साडेनऊला बसले, हात धुऊन उठायला दहा. त्यात दहा तास मिळवले की सकाळचे आठ. त्यांना सांगितलं, आठ ते दहा या वेळात कधीही या. चिठ्ठीवर लिहिलं: "मंगळवारी रात्री १० च्या आत जेवण उरका. बुधवारी सकाळी ८ ते १० या वेळात रक्त द्यायला या."

म्हणजे क्रम बदलला. आधी जेवणाची वेळ विचारायची, मग रक्त द्यायची वेळ ठरवायची. हा एकच प्रश्न विचारायला लागल्यापासून परत पाठवावी लागणारी माणसं जितकी कमी झाली, तितकी ती शब्द बदलून झाली नव्हती. हे मी चिठ्ठी लिहिणारी असूनही कबूल करते.

वार आणि तारीख दोन्ही का? नुसतं "उद्या" चालणार नाही का?

चिठ्ठी आज दिली आणि ती घरच्यांनी उद्या वाचली, तर "उद्या"चा परवा होतो. "परवा" तर वापरूच नका, मराठीत तो गेलेलाही असतो आणि येणाराही. मध्यरात्रीनंतरच्या वेळाही टाळा. आपण "मंगळवारी रात्री एक वाजता" म्हणतो तेव्हा कॅलेंडरप्रमाणे बुधवार लागलेला असतो. वार, तारीख, "सकाळी" किंवा "रात्री" आणि आकडा, असे चारही लिहिले की वाद उरत नाही.

चहाचं काय? अर्धा कप तरी?

या एका प्रश्नावर आमची निम्मी सकाळ जायची. "काही खाल्लं का?" विचारलं की उत्तर येतं, "नाही नाही, नुसता चहा घेतला." चहा आपल्याकडे खाण्यात धरत नाहीत. तो उठण्याचाच भाग आहे. म्हणून "काहीही खाऊ नका" या वाक्यात चहा आपोआप येत नाही. त्याचं नाव घेऊनच सांगावं लागतं.

दोन चमचे साखरेच्या चहात आठ-दहा ग्रॅम साखर सहज असते, शिवाय दुधातली साखर आणि स्निग्धांश. बिनसाखरेच्या दुधाच्या चहातही दुधाचा भाग उरतोच. कोरा चहा आणि काळी कॉफी यांत उष्मांक नगण्य असले, तरी कॅफिनचा साखरेवर आणि काही हार्मोन्सवर परिणाम होतो. शिवाय "कोरा चालतो" असं एकदा लिहिलं, की त्यात थोडी साखर, थोडं दूध कधी शिरलं ते कळत नाही. म्हणून चिठ्ठीत सरसकट आहे: "चहा-कॉफी नको. बिनसाखरेचीही नको, कोरीही नको." आणि लगेच पुढे: "रक्त देऊन झालं की लगेच घ्या." हे पुढचं वाक्य गाळू नका. चहा कायमचा गेला नसून दोन तास लांबलाय, हे कळलं की माणूस ऐकतो.

पाणी?

साधं पाणी हवं तेवढं प्या. सकाळी उठल्यावर एक-दोन ग्लास पिऊन आलात तर उत्तम. पाण्याने साखर किंवा कोलेस्टेरॉलच्या आकड्यांत गडबड होत नाही. उलट न पिता आलं तर शीर सापडायला त्रास होतो, दोनदा टोचावं लागतं, आणि काही जणांना भोवळ येते.

अडचण "साधं" या शब्दाची आहे. कोमट पाण्यात लिंबू आणि मध, रात्रभर भिजवलेल्या मेथीचं पाणी, जिऱ्याचं पाणी, तुळशीचा काढा, नारळपाणी, हे सगळं लोक "पाणीच" म्हणून पितात. आणि गंमत अशी, की हे करणारे बहुतेक तब्येतीची काळजी घेणारेच असतात. आम्ही लिहिलं: "साधं पाणी, म्हणजे ज्यात काहीही मिसळलेलं नाही असं." आणि "पाण्याशिवाय", "पाणी सोडून" हे शब्दप्रयोग चिठ्ठीतून हद्दपार केले. पाण्याची ओळ वेगळी, ठळक आणि होकारार्थी: "पाणी प्या."

नेहमीच्या गोळ्यांबद्दल काय लिहायचं?

इथे लॅबने स्वतःच्या मनाने नियम करू नये. औषध थांबवायचं की नाही, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी सांगायचं. पण चिठ्ठी गप्प राहिली तरी रुग्ण काहीतरी ठरवतोच, आणि दोन प्रकारे चुकतो.

एक, रक्तदाबाची गोळी विनाकारण चुकवतो. ती बहुतेक वेळा पाण्याबरोबर नेहमीच्या वेळी घेता येते. दोन, आणि हे जास्त गंभीर, साखरेची गोळी किंवा इन्सुलिन नेहमीप्रमाणे घेतो आणि मग उपाशी रांगेत बसतो. औषध साखर खाली आणतं आणि पोटात तर काहीच नाही. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. आमच्या बाकावर हे झालेलं आहे. तेव्हापासून ग्लुकोजचा पुडा काउंटरच्या खणात कायम असतो आणि मधुमेहाच्या रुग्णांना सकाळची पहिली वेळ देतो.

थायरॉइडची गोळी हा मधला मामला. ती घेतल्यावर काही तास रक्तातलं टी-४ हे थायरॉइडचं हार्मोन वाढलेलं असतं, त्यामुळे बरेच डॉक्टर रक्त देऊन मग गोळी घ्यायला सांगतात.

म्हणून चिठ्ठीत औषधांची वेगळी चौकट ठेवली. "सकाळी पाण्याबरोबर घ्या" आणि "सोबत आणा, रक्त देऊन खाल्ल्यावर घ्या" असे दोन रकाने. डॉक्टरांना विचारून गोळीचं नाव योग्य रकान्यात हाताने लिहायचं. विचारता आलं नाही, तर रकाना कोरा ठेवून "डॉक्टरांना फोन करून विचारा" यावर खूण करायची. अंदाजाने भरायचं नाही.

तंबाखू, मिश्री, सुपारी, बडीशेप हे खाणं आहे का?

वापरणाऱ्याच्या मते नाही. तपासणीच्या मते नको. मिश्री लावल्याशिवाय सकाळ सुरू न होणाऱ्या बायका पुष्कळ आहेत आणि त्यांना ती दात घासण्याचाच भाग वाटते. निकोटिनने साखर हलते, गोड सुपारीत आणि गुटख्यात साखरही असते. चिठ्ठीत "तोंडात टाकू नका" असं लिहिलं, कारण "खाऊ नका" म्हटलं तर विडी त्यात येत नाही आणि मिश्रीही येत नाही. टूथपेस्टने दात खुशाल घासा, हेही लिहावं लागलं. नाहीतर काही जण दात न घासताच यायचे.

दारू आदला अख्खा दिवस नको. ती ट्रायग्लिसराइड्स वाढवते.

उपाशी नसलं तर एवढा काय फरक पडतो?

साखरेचं सगळ्यांना कळतं. लिपिडचं कमी कळतं, म्हणून तेच सांगते. बऱ्याच लॅबमध्ये वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, थेट मोजत नाहीत, गणिताने काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग वजा करायचा. समजा एकूण २१०, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड्स १५०. पाचवा भाग ३०. एलडीएल आलं १४०. आता तोच माणूस आदल्या रात्री लग्नाच्या पंगतीत अकरा वाजता बासुंदी-पुरी खाऊन आला, ट्रायग्लिसराइड्स २५० वर गेले आणि बाकी सगळं तेच राहिलं असं धरा. पाचवा भाग ५०. एलडीएल आलं १२०.

म्हणजे बासुंदीने वाईट कोलेस्टेरॉल वीसने कमी "दिसलं". रिपोर्ट सुधारला, माणूस खूश, आणि डॉक्टर चुकीच्या आकड्यावर निर्णय घेणार. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर गेले तर हे गणित वापरायचंच नसतं. काही वेळा नमुना इतका दुधाळ असतो, की नळी हातात घेतल्यावरच कळतं, हा जेवून आलाय.

हेही सांगायला हवं, की २०१६ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी नेहमीच्या लिपिड तपासणीला उपाशी राहायची गरज नाही, असं एकमताने सुचवलं. ट्रायग्लिसराइड्स फार जास्त आले तरच उपाशीपोटी पुन्हा करायची. आपल्याकडे अनेक डॉक्टर अजून उपाशीपोटीच मागतात. चिठ्ठी लिहिणाऱ्याने त्यात आपलं मत घालू नये, डॉक्टरांनी जे मागितलं ते नीट पोचवावं.

सगळ्याच तपासण्यांना ही चिठ्ठी द्यायची का?

मुळीच नाही. हिमोग्लोबिन आणि पेशींची मोजणी, तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी, रक्तगट, यांना उपाशी राहावं लागत नाही. नुसत्या हिमोग्लोबिनसाठी मजुरीला जाणाऱ्या बाईला सकाळभर उपाशी ठेवणं हा अन्याय आहे, आणि तो सर्रास होतो.

गरोदर बायकांचं विशेष. सरकारी दवाखान्यांत गर्भारपणातल्या साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा जास्त आलं तर पुढचे उपचार. ही चाचणी शेवटचं कधी खाल्लं याचा विचार न करता करता येते, तिचा उद्देशच तो आहे. तरी "रक्त द्यायचंय" म्हणून सुना उपाशी येतात. त्यांच्यासाठी आम्ही वेगळ्या रंगाची चिठ्ठी काढली: "उपाशी राहू नका. खाऊन या."

जेवणानंतरच्या साखरेची सूचना कशी लिहायची?

"जेवणानंतर २ तासांनी" असं सगळे लिहितात आणि इथेच गाडी घसरते. मराठीत "जेवणानंतर" म्हणजे हात धुतल्यानंतर. तपासणीचे दोन तास मात्र पहिल्या घासापासून मोजतात. सावकाश जेवणाऱ्याच्या बाबतीत अर्ध्या तासाचा फरक पडतो. आम्ही लिहितो: "पहिला घास घेताना घड्याळ बघा. त्या वेळेपासून बरोबर दोन तासांनी रक्त द्या." खाली मोकळी जागा: "पहिला घास: ____ वाजता. रक्त: ____ वाजता." पहिली जागा रुग्ण भरतो, दुसरी आम्ही फोनवर सांगतो.

आणखी दोन गोष्टी. सकाळी नऊला "जेवून या" म्हटलं की लोक गोंधळतात. नऊला जेवतं कोण? "तुमचा नेहमीचा नाश्ता किंवा जेवण" असं लिहा. आणि "नेहमीएवढंच खा" हेही लिहा. साखर कमी दिसावी म्हणून एक पोळी खाऊन येणारे आणि आता तपासणी झालीच म्हणून वाटेत मिसळ हाणणारे, दोघंही असतात.

संकष्टी, श्रावणी सोमवार, रोजे, रात्रपाळी यांचं काय?

संकष्टीला चंद्रोदयानंतर जेवतात, म्हणजे कधी साडेनऊ, कधी दहा. त्या रात्रीनंतरची सकाळ उशिराची द्या, नाहीतर दुसरा दिवस द्या. काउंटरवर कालनिर्णय टांगलेलं असतंच, ते बघायचं एवढंच.

रोजे चालू असताना पाणीही पीत नाहीत आणि पहाटेच्या सेहरीनंतर दहा तास मोजले तर दुपार होते. उपाशीपोटीच्या साखरेचे निकष सकाळच्या नमुन्यावर बेतलेले आहेत. डॉक्टरांना घाई नसेल तर ईदनंतरची वेळ देणं सोयीचं. घाई असेल तर ती वेळ डॉक्टरांशी बोलूनच ठरवावी.

एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्याचा डबा रात्री दोनला असतो. त्याला "रात्रीचं जेवण" हा शब्दच लागू नाही. "शेवटचं खाणं" लिहा.

चुकून खाल्लं, हे लोक लपवतात. काय करायचं?

लपवतात, कारण आपण ओरडतो. शिवाय रजा टाकलेली असते, रिक्षाचे पैसे गेलेले असतात. आणि आपला प्रश्नही लपवायला सोपा असतो. "उपाशी आहात ना?" याला "हो" एवढंच उत्तर आहे. आम्ही प्रश्न बदलला: "शेवटचं काय तोंडात टाकलं, आणि किती वाजता?" याला "हो" म्हणता येत नाही. उत्तर नमुन्याच्या नोंदीत लिहितो, म्हणजे रिपोर्ट बघणाऱ्या डॉक्टरांनाही कळतं.

चिठ्ठीवर ओळ आहे: "चुकून काही खाल्लं-प्यायलं तर काळजी करू नका, फक्त आम्हाला सांगा. दुसरी वेळ देऊ, जादा पैसे नाहीत." ही ओळ मालकांना पटवायला मला दोन महिने लागले.

भाषा "करावे, नये" अशी ठेवावी की "करा, नका"?

"करा, नका". "यावे, घेऊ नये" हे सरकारी फलकासारखं वाटतं आणि माणूस ते वाचत नाही, फक्त बघतो. "तुम्ही" पुरेसं आदरार्थी आहे, "आपण" लिहिलं तर कधी कधी "आपण सगळे" असंही वाटतं. एका वाक्यात एकच गोष्ट ठेवा. "सक्त मनाई", तीन-तीन उद्गारचिन्हं, लाल अक्षरं नकोत. घाबरलेला माणूस सूचना चुकवत नाही असं नाही, तो फक्त चुकल्याचं सांगत नाही.

पूर्ण मजकूर द्याल का?

हा घ्या. त्या दुकानदार काकांची चिठ्ठी, नाव काढून:

> रक्त तपासणी: उपाशीपोटी
>
> नमस्कार. तुमची वेळ: बुधवार, १८ तारीख, सकाळी ८ ते १०.
>
> शेवटचं खाणं मंगळवार, १७ तारीख, रात्री १० च्या आत उरका. नेहमीसारखं जेवा.
>
> त्यानंतर रक्त देईपर्यंत काहीही खाऊ नका. चहा, कॉफी, दूध नको, बिनसाखरेचा किंवा कोरा चहाही नको. उपवासाचे पदार्थ आणि फळंही नकोत. तंबाखू, मिश्री, सुपारी, बडीशेप तोंडात टाकू नका, विडी-सिगारेट ओढू नका. मंगळवारी दिवसभर दारू नको.
>
> पाणी प्या. साधं, काहीही न मिसळलेलं. सकाळी एक-दोन ग्लास पिऊन या. दात घासा.
>
> गोळ्या: सकाळी पाण्याबरोबर घ्या: ________ सोबत आणा, रक्त देऊन खाल्ल्यावर घ्या: ________ ☐ डॉक्टरांना फोन करून विचारा.
>
> चुकून काही खाल्लं-प्यायलं तर काळजी करू नका, फक्त आम्हाला सांगा. दुसरी वेळ देऊ, जादा पैसे नाहीत.
>
> डबा सोबत आणा. रक्त दिलं की लगेच खा.

चिठ्ठी नीट झाली की नाही, हे कसं ओळखायचं?

"समजलं का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. चिठ्ठी त्यांच्या हातात देऊन विचारा, "आज रात्रीपासून उद्या इथे येईपर्यंत काय काय करणार, सांगा बरं." माणूस बोलायला लागला की कळतं. "दहाला जेवायला बसेन" असं एक बाई म्हणाल्या, आणि आमचं "१० पर्यंत जेवा" बदलून "१० च्या आत उरका" झालं. मिश्रीची ओळही अशीच आली. आठ-दहा जणांना विचारलं की बहुतेक खड्डे दिसतात. लॅबमधल्या माणसांना विचारून उपयोग नाही, त्यांना उत्तर आधीच माहीत असतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तर?

पाठवाच, पण आदल्या संध्याकाळी सात-साडेसातला, जेवणाच्या आधी. रात्री अकराला आलेली सूचना आइस्क्रीम खाऊन झाल्यावर वाचली जाते. फोटोऐवजी मजकूर टाइप करून पाठवा, म्हणजे आजोबांना अक्षरं मोठी करून वाचता येतात.

आणि नाव टाकायला विसरू नका. आमची चिठ्ठी एका सोसायटीच्या ग्रुपवर फिरली. त्या आठवड्यात चार बिऱ्हाडं रात्री दहाच्या आत जेवून आली. त्यांतल्या दोघांची वेळ सकाळी साडेसहाची होती.